बहात्तर हजारांची शाळा आणि सव्वा लाखाच्या पुढचा हिशेब

प्रश्न: आम्ही भांडुप पश्चिमेला राहतो. मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. दोन खासगी विनाअनुदानित शाळा मनात आहेत. मुलुंडची शाळा वर्षाची फी ७२,००० सांगते, कांजूरमार्गची १,०५,०००. मुलुंडला बस, युनिफॉर्म, अ‍ॅक्टिव्हिटी आणि डेव्हलपमेंट चार्ज वेगळे आहेत. कांजूरला म्हणतात, ‘बहुतेक सगळं धरून’. यजमान म्हणतात, ३३ हजार कशाला जास्त भरायचे? नेमकी तुलना कशी करायची?

उत्तर:

या दोन आकड्यांची वजाबाकी करू नका, कारण ते एका गोष्टीचे आकडे नाहीत. पहिली शाळा तुम्हाला फक्त शिक्षणशुल्क सांगते आहे, दुसरी शिक्षणशुल्कात आणखी काही मिसळून सांगते आहे. मी बरीच वर्षं शाळांच्या हिशेब खात्यात काम केलं आहे. पालक खिडकीवर येऊन ‘फी किती?’ विचारतात, तेव्हा कारकून त्यांना छापील पत्रकातली पहिली ओळ वाचून दाखवतो. तो खोटं बोलत नसतो. प्रश्नच अपुरा असतो. ‘पहिलीतल्या मुलासाठी जून ते मे या वर्षात तुमच्याकडे आणि तुमच्या सांगण्यावरून बाहेर, एकूण किती पैसे जातात?’ असं विचारलंत तर उत्तर वेगळं येतं.

बहुतेक पालक ‘आणि तुमच्या सांगण्यावरून बाहेर’ एवढाच भाग विचारायचा विसरतात. युनिफॉर्मवाल्याला, बसच्या कंत्राटदाराला, नृत्य किंवा रोबोटिक्स शिकवणाऱ्या कंपनीला दिलेले पैसे शाळेच्या पावतीवर येत नाहीत. पण मुलगी त्या शाळेत नसती तर ते तुमच्या खिशातून गेले नसते. म्हणून ते त्या शाळेच्या खर्चातच धरायचे.

एक उदाहरण सोडवून दाखवतो. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही त्या जागी तुमच्या शाळांचे भरा. पत्रकाची रचना मात्र अशीच असते.

मुलुंडची शाळा महिन्याला ६,००० प्रमाणे ७२,००० शिक्षणशुल्क घेते. त्यावर दोन सत्रांचं सत्रशुल्क, प्रत्येकी ६,००० म्हणजे १२,०००. वार्षिक डेव्हलपमेंट चार्ज १५,०००. अ‍ॅक्टिव्हिटी महिन्याला ८०० प्रमाणे ९,६००. इतक्यातच १,०८,६०० झाले आणि मुलगी अजून घरातून निघालेलीही नाही. बस महिन्याला २,८००, अकरा महिन्यांचे ३०,८००. युनिफॉर्म, दोन जोड बूट आणि हाऊसचा टी-शर्ट मिळून ७,५००. पुस्तकं-वह्यांचा संच ८,७००. वर्षाची बेरीज १,५५,६००.

कांजूरमार्गच्या शाळेच्या १,०५,००० मध्ये सत्रशुल्क, ग्रंथालय, खेळ आणि संगणक आलेले आहेत, असं धरू. बस जवळची, महिन्याला १,६००, दहा महिन्यांचे १६,०००. युनिफॉर्म कुठल्याही दुकानातून घेता येतो, ५,०००. पुस्तकं ६,५००. सहल आणि स्नेहसंमेलनाचा पोशाख मिळून ३,०००. बेरीज १,३५,५००.

बोर्डावर ३३,००० ने महाग दिसणारी शाळा वर्षाला २०,१०० रुपयांनी स्वस्त निघाली. सगळीकडे असंच होतं असं नाही. उलटही होतं, आणि ‘सगळं धरून’ म्हणणाऱ्या शाळेत डिसेंबरमध्ये तीन नवे खर्च उगवल्याचं मी पाहिलं आहे. म्हणून आता एकेका ओळीकडे नीट बघू.

सर्वांत जास्त गोंधळ डेव्हलपमेंट चार्जचा असतो. एका शाळेत तो प्रवेशाच्या वेळी एकदाच घेतात, दुसरीत दर वर्षी, तिसरीत पहिलीला एकदा आणि पाचवीला पुन्हा एकदा. नाव तिन्हीकडे एकच. म्हणून विचारताना ‘हा चार्ज पुढच्या जूनमध्ये पुन्हा भरावा लागेल का?’ असं सरळ विचारा आणि उत्तर पत्रकावर लिहून घ्या. १५,००० एकदाच असतील तर दहावीपर्यंतच्या दहा वर्षांत वाटून वर्षाला १,५०० पडतात. दर वर्षी असतील तर पूर्ण १५,०००. आपल्या उदाहरणात एवढ्या एका उत्तराने मुलुंडच्या शाळेचा वर्षाचा खर्च १३,५०० ने खाली येतो आणि २०,१०० चा फरक ६,६०० वर येतो.

दुसरा प्रश्न या चार्जच्या अधिकृतपणाचा. महाराष्ट्रात शाळांच्या शुल्कासाठी २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. त्याच्या कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेतून पालक असतात आणि ते सोडत काढून निवडले जातात. व्यवस्थापनाने पुढच्या वर्षाचं प्रस्तावित शुल्क वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचं, समितीने मान्य केलेलं शुल्क सूचनाफलकावर लावायचं, आणि ते दोन शैक्षणिक वर्षं बदलायचं नाही. म्हणजे तुमची मुलगी ज्या जूनमध्ये जाणार त्या वर्षाचा तक्ता हिवाळ्यातच ठरलेला असायला हवा. प्रवेशअर्ज घ्यायला जाल तेव्हा फलकासमोर उभं राहून तो वाचा. डेव्हलपमेंट चार्ज त्या तक्त्यात स्वतंत्र ओळ म्हणून असेल तर तो मंजूर शुल्काचा भाग आहे, आणि दोन वर्षं तेवढाच राहायला हवा. तक्त्यात नसेल पण खिडकीवर मागत असतील, तर तिथेच थांबा.

थांबा म्हणतो त्याला कारण आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कॅपिटेशन फीची व्याख्या आहे: शाळेने जाहीर केलेल्या शुल्काव्यतिरिक्त घेतलेली कोणतीही देणगी, वर्गणी किंवा रक्कम. प्रवेश देताना ती घेण्यास कलम १३ ने मनाई केली आहे, आणि घेतल्यास त्या रकमेच्या दहा पटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘ऐच्छिक देणगी’ किंवा ‘इमारत निधी’ असं नाव दिल्याने ती रक्कम वेगळी होत नाही. प्रवेशाच्या तोंडावर भांडा असं मी सांगणार नाही, मूल तुमचं आहे. पण अशी मागणी आली तर पावती कोणाच्या नावाने मिळणार, एवढं जरूर विचारा. पावती शाळेऐवजी एखाद्या न्यासाच्या किंवा कंपनीच्या नावाची असेल, किंवा ‘पावती नंतर देऊ’ असं म्हणत असतील, तर ही रक्कम मंजूर तक्त्याबाहेरची आहे आणि पुढेही अशा मागण्या येतील, असं समजून हिशेब करा.

बसच्या ओळीत पालक महिन्याचं भाडं लिहितात आणि बाराने गुणतात, किंवा अंदाजाने दहाने. शाळेचे दिवस साधारण दहा महिन्यांत बसतात, पण कंत्राटदार दहा, अकरा की बारा महिन्यांचं घेतो हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. २,८०० च्या भाड्यात दहा आणि बारा महिन्यांत ५,६०० चा फरक पडतो. मे महिन्याचं भाडं घेतात का, दिवाळीच्या सुट्टीत सूट आहे का, फक्त एका बाजूने बस हवी असेल तर निम्मं घेतात की पाऊणपट, आणि जानेवारीत बस सोडली तर उरलेले पैसे परत मिळतात का, हे विचारून घ्या.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. भांडुप पश्चिमेला टेंभीपाडा, कोकण नगर या चढाच्या भागात मोठी बस आतपर्यंत येत नाही. ती लालबहादूर शास्त्री मार्गावर थांबते. ‘भांडुप स्टॉप’ असं पत्रकात लिहिलेलं असेल, पण थांबा नेमका कोणत्या दुकानासमोर आणि किती वाजता, ते विचारा. घरापासून तिथे रोज रिक्षा करावी लागली तर ती रक्कमही बसच्याच ओळीत यायला हवी. जाऊन येऊन दिवसाला ५० रुपये धरले आणि शाळेचे दिवस २०० धरले तरी वर्षाचे १०,००० होतात. हा खर्च कुठल्याच पत्रकात छापलेला नसतो.

महाराष्ट्रात स्कूलबससाठी २०११ चे नियम आहेत आणि त्यानुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात, पालकांचा प्रतिनिधी त्यात असतो, आणि बसचं भाडं आणि थांबे ठरवणं हे तिच्या कामात येतं. म्हणून ‘भाडं बसवाला ठरवतो, आमच्या हातात काही नाही’ असं उत्तर मिळालं तर समितीची शेवटची बैठक कधी झाली ते विचारा. त्या एका प्रश्नावरून शाळा या विषयाकडे किती लक्ष देते ते कळतं.

कांजूरची शाळा जवळ आहे याचा एक फायदा पैशांत दिसत नाही, पण तो मोठा आहे. शास्त्री मार्गावरची सकाळची कोंडी धरली तर मुलुंडच्या बसमध्ये सहा वर्षांची मुलगी रोज किती वेळ बसेल, ते शाळा सुरू असलेल्या एखाद्या दिवशी त्याच वेळेला स्वतः जाऊन मोजा. रविवारी मोजू नका.

युनिफॉर्मची किंमत जोडांच्या संख्येवर ठरते. शाळेची यादी दोन जोडांची असते. मुंबईत जुलैमध्ये धुतलेला पिनाफोर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाळत नाही, त्यामुळे तिसरा जोड घ्यावाच लागतो. शिवाय खेळाच्या तासाचा वेगळा जोड, हाऊसचा टी-शर्ट, काळे बूट, पांढरे बूट, आणि पावसाळी चपला की बूट याचा शाळेचा नियम. मूल वाढत्या अंगाचं असतं, म्हणून पहिली ते चौथी दर वर्षी नवे कपडे लागतील असंच धरा. पाचवीपासून मुलींचा पोशाख बदलतो का, हेही विचारा. बदलत असेल तर त्या वर्षी सगळंच नवीन येतं आणि धाकट्या भावंडासाठी ठेवलेले कपडे वाया जातात.

किमतीत फरक कुठून येतो, ते कापड हातात घेतल्यावर समजतं. साधा पांढरा कॉलरचा शर्ट आणि बाजारात मिळणाऱ्या रंगाचा स्कर्ट असेल तर कुठल्याही गणवेशाच्या दुकानात मिळतो. कापडातच शाळेचं बोधचिन्ह विणलेलं असेल किंवा खास चौकटीचं कापड असेल तर एकच दुकानदार उरतो, आणि भाव तो सांगेल तो. विशिष्ट दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळेने करू नये, असे शासनाचे आदेश आहेत. पण कापडच दुसरीकडे मिळत नसेल तर सक्ती न करताही तेच होतं. बिल्ला वेगळा विकत मिळतो आणि आपण शिवून घेऊ शकतो का, एवढं विचारा. ज्या शाळा हे करू देतात त्या या खर्चात पालकांचा विचार करतात, असा माझा अनुभव आहे.

पुस्तकांबद्दल थोडक्यात: राज्य मंडळाची बालभारतीची पुस्तकं स्वस्त पडतात, खासगी प्रकाशकांचे संच महाग, आणि भरायच्या कार्यपुस्तिका असल्या की जुनी पुस्तकं घेण्याचा मार्ग बंद होतो.

अ‍ॅक्टिव्हिटी चार्जमध्ये एकच गोष्ट शोधायची: ऐच्छिक म्हणजे खरंच ऐच्छिक आहे का? वेळापत्रक मागून बघा. नृत्य, कराटे किंवा रोबोटिक्सचा तास शाळेच्या वेळेत असेल आणि वर्गातली चाळीस मुलं तिकडे जाणार असतील, तर तुमची मुलगी एकटी वर्गात बसून राहणार नाही. तो चार्ज सक्तीचाच धरा. शाळा सुटल्यावर असेल तर खरोखर ऐच्छिक, पण मग परतीची बस उशिराची मिळते का, हा प्रश्न येतो. सहल, स्नेहसंमेलनाचा भाड्याचा पोशाख, स्पर्धापरीक्षांची फी, हस्तकलेचं सामान हे सगळं वर्षभर दोनशे-पाचशे करत जातं आणि कुठल्याच पत्रकात नसतं.

ते शोधायचा एक भरवशाचा उपाय आहे. त्याच शाळेत आत्ता दुसरीत असलेल्या मुलाचे आई-वडील गाठा. पहिलीतले नकोत, कारण त्यांचं वर्ष अजून पूर्ण झालेलं नसतं. शाळा सुटताना फाटकाशी उभं राहिलात तर कुणी ना कुणी बोलतं, विशेषतः मुलांच्या आई. त्यांना विनंती करा की, मोबाइलवरच्या पैसे पाठवण्याच्या अ‍ॅपमध्ये गेल्या जूनपासून मेपर्यंत शाळा, बसवाला आणि गणवेशवाला यांच्या नावाने गेलेल्या रकमा एकदा बघून एकूण आकडा सांगा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि तो आकडा कुठल्याही पत्रकापेक्षा खरा असतो. दोन घरांकडून विचारा. दोघांच्या आकड्यात दहा-बारा हजारांहून जास्त फरक आला तर तो बसच्या अंतराचा आहे की अ‍ॅक्टिव्हिटीचा, तेवढं तपासा.

आता काळाचा हिशेब. तुम्ही एका वर्षाची निवड करत नाही आहात, दहावीपर्यंतची करता आहात. त्यासाठी प्रत्येक शाळेच्या खर्चाचे तीन भाग करा: एकदाच जाणारे, मंजूर शुल्काच्या तक्त्यात असलेले आणि तक्त्याबाहेरचे.

एकदाचे पैसे म्हणजे प्रवेशशुल्क आणि अनामत. मुलुंडचं प्रवेशशुल्क २५,००० आणि कांजूरचं १२,००० धरलं तर दहा वर्षांत वर्षाला २,५०० आणि १,२०० पडतात. फरक किरकोळ आहे. पण तुमचं घर भाड्याचं असेल आणि चार वर्षांत दुसरीकडे जाण्याची शक्यता असेल, तर तेच २५,००० वर्षाला ६,२५० होतात. अनामत परत मिळते, बिनव्याजी, शाळा सोडल्याचा दाखला घेताना. मूळ पावती जपून ठेवा. दहा वर्षांनी ती सापडत नाही म्हणून अनामत न मागितलेले पालक मी अनेक पाहिले आहेत.

मंजूर तक्त्यातली रक्कम दोन वर्षं स्थिर राहून मग वाढते. किती वाढेल हे आज कुणी सांगू शकत नाही, पण तुलनेसाठी दर दोन वर्षांनी १५ टक्के धरा. तिसरी, पाचवी, सातवी आणि नववी अशा चार वाढी होतात आणि दहावीला मूळ रक्कम पावणेदोन पट होते. कांजूरचे १,०५,००० तेव्हा साधारण १,८४,००० असतील. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. तुमचं उत्पन्न त्या मानाने वाढणार आहे का, हे आज तपासायचं आहे. दोन्ही शाळांना गेल्या दोन वेळच्या वाढीचे आकडे विचारा. खरा वेग त्यातून समजतो. तिथले पालक वाढ मान्य नसल्यास काय करतात, हेही कानावर घ्या. किमान २५ टक्के पालक एकत्र आले तर विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाता येतं.

तक्त्याबाहेरच्या रकमेला मात्र दोन वर्षांचा बांध नाही. डिझेल वाढलं की बस वाढते, दुकानदार बदलला की गणवेश वाढतो. मुलुंडच्या शाळेत बस, गणवेश आणि पुस्तकं मिळून ४७,००० आहेत, म्हणजे एकूण खर्चाच्या तीस टक्के. कांजूरला सहलीसकट ३०,५००, म्हणजे साडेबावीस टक्के. दोन शाळांची बेरीज सारखी आली तर ज्या शाळेत हा भाग कमी आहे ती मी निवडेन, कारण तिथला पुढच्या वर्षाचा खर्च आज जास्त नेमका सांगता येतो.

आयकराचा एक मुद्दा आहे, पण फक्त तुमच्यापैकी कुणी जुन्या करपद्धतीत असेल तर. तिथे दोन मुलांपर्यंत शिक्षणशुल्काची वजावट दीड लाखाच्या एकूण मर्यादेत मिळते. डेव्हलपमेंट चार्ज, देणगी आणि बस यांना ती नाही. कांजूरची शाळा सगळं एकत्र सांगते, म्हणून पावतीवर शिक्षणशुल्क वेगळं दाखवाल का, हे विचारून ठेवा. नव्या पद्धतीत असाल तर हा परिच्छेद विसरा.

शेवटी हप्त्यांचं. वर्षाची बेरीज परवडते आणि जून परवडत नाही, असं बऱ्याच घरांत होतं. मुलुंडच्या शाळेत प्रवेश ते जून या काळात काय जाईल बघा: प्रवेशशुल्क २५,०००, अनामत १०,०००, डेव्हलपमेंट १५,०००, पहिल्या तिमाहीचं शिक्षणशुल्क १८,०००, एक सत्रशुल्क ६,०००, अ‍ॅक्टिव्हिटीचा अर्धा हप्ता ४,८००, बसचे तीन महिने ८,४००, गणवेश आणि पुस्तकं १६,२००. एकूण १,०३,४००. ७२,००० फी असलेल्या शाळेसाठी पहिल्या काही आठवड्यांत लाखाच्या वर रोख लागते. यजमानांना वर्षाच्या बेरजेआधी हा आकडा दाखवा. कांजूरच्या शाळेचाही असाच जूनचा आकडा काढा, आणि डेव्हलपमेंट चार्ज दोन हप्त्यांत घ्याल का हे मुलुंडला विचारा. एप्रिलमध्ये विचारलं तर पुष्कळ शाळा हो म्हणतात. जूनमध्ये हिशेब खात्याच्या हातात ते राहिलेलं नसतं.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला कांजूरची शाळा बरी दिसते, पण दोन उत्तरं आल्याशिवाय पैसे भरू नका: मुलुंडचा डेव्हलपमेंट चार्ज दर वर्षी आहे की एकदाच, आणि कांजूरच्या ‘बहुतेक सगळं’ मध्ये नेमकं काय येत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शाळेच्या शिक्क्यानिशी कागदावर मागा. तोंडी सांगतात आणि लिहून देत नाहीत, असं झालं तर त्या शाळेच्या बेरजेत वर्षाला आणखी दहा हजार धरून मग पुन्हा तुलना करा.